घरच्या स्पॅनिश जेवणाला दाद द्यावी कशी आणि त्याची कृती मागावी कशी

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी स्पेनमध्ये गेलेल्या मराठी माणसाला पहिल्या काही महिन्यांतच कोणीतरी रविवारी दुपारी घरी जेवायला बोलावते. तोवर स्टेशनवर तिकीट काढण्यापुरते आणि दुकानात पैसे देण्यापुरते स्पॅनिश जमू लागलेले असते, पण जेवणाच्या टेबलावर बसल्यावर लक्षात येते की ‘छान झाले आहे’ एवढे साधे वाक्य सहज म्हणण्याइतकी भाषा आपल्याजवळ नाही. मग माणूस मान डोलावतो, हसतो आणि सगळे पान संपवतो. यजमानीण समजून घेते हे खरे, परंतु चार-पाच वाक्ये आधीपासून जिभेवर बसवलेली असली तर तेच जेवण वेगळ्या रीतीने होते, आणि निघताना बहुधा कृतीही हातात पडते.

या लेखात एकच प्रसंग घेऊन पुढे जाऊ. वायादोलिद शहरात मित्राच्या आईने रविवारच्या जेवणाला बोलावले आहे आणि मधोमध ठेवलेल्या थाळीत ‘तोर्तिया दे पातातास’ आहे. ही मक्याची पोळी नव्हे. ऑलिव्ह तेलात मऊ शिजवलेले बटाटे फेटलेल्या अंड्यात मिसळून केलेली ती जाड, गोल वडी असते आणि केकसारखी कापून वाढतात. अंडे खाणाऱ्या शाकाहाऱ्याला स्पेनमध्ये सर्वांत आधी ओळखीचा होणारा पदार्थ हाच.

उच्चारांची थोडी तयारी

पुढील सर्व स्पॅनिश वाक्ये देवनागरीत दिली आहेत, कारण मराठी कानाला ती तशीच सोपी जातात. स्पॅनिशमधील त, प आणि क हे जवळजवळ आपलेच आहेत, त्यामुळे इंग्रजी वळणाचा ट तेथे नेऊ नये; ‘टॉर्टिला’ म्हणण्यापेक्षा ‘तोर्तिया’ म्हणणे मराठी माणसाला मुळात अधिक सोपे आहे. दोन ध्वनी मात्र देवनागरीत नीट मावत नाहीत. ‘रेथेता’ म्हणजे पाककृती. या शब्दातील थ ‘थाळी’तला नसून जिभेचे टोक दातांच्या मधे आणून नुसती हवा सोडल्यावर होणारा आहे. ‘ओखो’ म्हणजे डोळा. त्यातील ख ‘खडू’तला नसून उर्दू बोलणारा ‘ख़बर’ म्हणताना घशातून घासून काढतो तसा आहे. शब्दाच्या आरंभीचा र जीभ थरथरवून म्हणावा, म्हणजे ‘रीको’ हा शब्द त्यांना त्यांचा वाटतो.

तिसरी गोष्ट आघाताची आहे आणि ती दुर्लक्षून चालत नाही. ‘एस्ता’ या शब्दात जोर शेवटच्या ‘ता’वर दिला तर त्याचा अर्थ ‘आहे’ असा होतो आणि पहिल्या ‘एस’वर दिला तर ‘ही’ असा होतो. दाद देण्याच्या बहुतेक वाक्यांत आपल्याला ‘आहे’ हवे असते, म्हणून जोर शेवटी द्यावा.

पहिली पायरी: दारातून आत आल्यावर

दाद पहिल्या घासाच्या आधीच सुरू होते. घरात पाऊल टाकताच स्वयंपाकाचा वास येतो आणि तेव्हा ‘के ब्येन वेले!’ म्हणजे ‘किती छान वास येतोय!’ असे म्हणणे अगदी स्वाभाविक मानले जाते. पदार्थ टेबलावर आला, अजून कोणी चाखला नाही, अशा वेळी ‘के ब्वेना पिंता!’ म्हणावे. ‘पिंता’ म्हणजे रूप किंवा लक्षण. दिसायलाच उत्तम दिसते आहे, असा त्याचा भाव. ही दोन्ही वाक्ये बदल न करता कोणत्याही पदार्थाला लागू पडतात, त्यामुळे नवख्या माणसाने प्रथम हीच पाठ करावीत.

यजमानिणीला हाक कशी मारावी, हा प्रश्न याच वेळी उभा राहतो. मित्राच्या आईला आपण सहज ‘काकू’ म्हणतो, म्हणून शब्दकोशात काकू किंवा मावशी शोधून ‘तीआ’ म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. स्पेनमध्ये ‘तीआ’ हा शब्द तरुण मुली एकमेकींना ‘अगं ए’ अशा अर्थाने वापरतात, आणि परक्या बाईला तो लावणे आगाऊपणाचे दिसते. मित्राच्या आईला तेथे सरळ तिच्या नावाने हाक मारतात आणि बहुतेक घरांत ‘तू’ म्हणूनच बोलतात. आपल्या जिभेला हे जड जाते, पण स्पेनमधील ‘तू’मध्ये अनादर नसतो. घरात फार वृद्ध आजी असेल तर ‘उस्तेद’ या आदरार्थी रूपाने सुरुवात करावी. बहुतेक वेळा तीच लगेच ‘मला तू म्हण’ असे सांगते, आणि सांगितल्यावर मात्र ऐकावे.

दुसरी पायरी: पहिला घास आणि ‘आहे’ची दोन रूपे

आता मुख्य वाक्य. ‘ला तोर्तिया एस्ता ब्वेनीसिमा’ म्हणजे तोर्तिया फारच छान झाली आहे. ‘ब्वेनीसिमा’ऐवजी ‘रिकीसिमा’ म्हटले तरी अर्थ तोच, किंबहुना घरगुती बोलण्यात तो शब्द थोडा अधिक प्रेमळ वाटतो.

स्पॅनिशमध्ये ‘आहे’साठी दोन क्रियापदे आहेत. एकाचे रूप ‘एस’ आणि दुसऱ्याचे ‘एस्ता’. एखाद्या गोष्टीचा मूळ स्वभाव सांगायचा असेल तर ‘एस’ आणि आत्ता, या क्षणी ती कशी आहे ते सांगायचे असेल तर ‘एस्ता’. समोरच्या थाळीतील पदार्थ आज कसा उतरला आहे, हे आपण सांगत असतो, म्हणून येथे ‘एस्ता’ हवे. मसुरीची आमटी ‘एस’ लावून चांगली म्हटली तर ऐकणाऱ्याला ‘मसूर प्रकृतीला चांगली असते’ असे काहीसे ऐकू येते, आणि माणसाला ‘एस रीको’ म्हटले तर तो श्रीमंत आहे असा अर्थ होतो. मराठीत ‘आमटी छान असते’ आणि ‘आमटी छान झाली आहे’ असा फरक आपण करतोच. ‘झाली आहे’ म्हणावेसे वाटते तेथे ‘एस्ता’ योजावे, एवढी खूण पुरेशी आहे.

याच ठिकाणी माझी फजिती झाली होती. अशाच एका पहिल्या जेवणात मी मित्राच्या आईकडे पाहून मोठ्या आत्मविश्वासाने ‘एस्तास ब्वेनीसिमा’ म्हणालो. शेवटी एक ‘स’ जास्त लागला होता, आणि त्या ‘स’मुळे वाक्याचा कर्ता तोर्तिया न राहता समोरची बाई झाली. ‘ब्वेना’ हा शब्द या क्रियापदाबरोबर माणसाला लावला की त्याचा अर्थ चांगली असा होत नाही, तर देहाने आकर्षक असा आणि बराच उघड असा होतो. क्षणभर शांतता पसरली, मग मित्राचे वडील इतके हसले की त्यांना पाणी प्यावे लागले. माझे निभावले, पण सर्वांचे निभावेलच असे नाही. यावरचा उपाय सोपा आहे: सुरुवातीच्या दिवसांत पदार्थाचे नाव वाक्यातून कधीही गाळू नये आणि बोलताना नजर थाळीकडे ठेवावी.

नाव घेतले की लिंग आणि वचन आले. तोर्तिया स्त्रीलिंगी आहे म्हणून ‘ब्वेनीसिमा’. ‘आरोथ’ म्हणजे भात आणि ‘गास्पाचो’ म्हणजे टोमॅटोचे थंड सार ही पुल्लिंगी आहेत, म्हणून ‘एल आरोथ एस्ता ब्वेनीसिमो’. मसूर नेहमी अनेकवचनात येते, म्हणून ‘लास लेंतेखास एस्तान ब्वेनीसिमास’. भात चांगला आणि भाजी चांगली हे आपण न शिकता बोलतो, त्यामुळे ही जुळवाजुळव मराठी माणसाला जड जात नाही. अडचण फक्त नपुंसकलिंग नसण्याची आहे. कोणत्या पदार्थाचे लिंग काय ते आठवत नसेल तर ‘एस्ता तोदो रिकीसिमो’ म्हणजे ‘सगळेच फार छान आहे’ असे म्हणून वेळ निभावून न्यावी.

एक वाक्य मात्र टाळावे, आणि ते चुकीचे नसल्यामुळेच अधिक घात करते. मराठीतील ‘छान आहे’चे भाषांतर म्हणून बरेच जण ‘एस्ता ब्येन’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘ठीक आहे, चालेल’ असा होतो. कष्टाने केलेल्या जेवणाला ‘चालेल’ म्हणून आपण गप्प बसलो, तर यजमानीण तोंडावर काही म्हणणार नाही, पण ‘काय, आवडले नाही का?’ असे नक्की विचारेल. हा प्रश्न आला की आपण कोठे घसरलो ते ओळखावे. ‘देलिथ्योसा’ म्हणजे स्वादिष्ट, हा शब्दही बरोबर आहे, पण स्पेनच्या घरगुती टेबलावर तो जरा पुस्तकी वाटतो.

तिसरी पायरी: हाताला दाद

पदार्थ छान आहे, एवढे म्हणून दाद अर्धीच होते. दुसरे वाक्य करणारीच्या हाताबद्दल हवे. ते असे: ‘ते आ सालीदो रिकीसिमा’. शब्दशः ‘तुला ती फार छान साधली आहे’, म्हणजे आपण ‘मस्त जमली आहे’ म्हणतो तेच. ‘सालीदो’च्या जागी ‘केदादो’ म्हटले तरी चालते. उस्तेदने बोलत असाल तर आरंभीच्या ‘ते’चा ‘ले’ करावा, आणि नवरा-बायकोने मिळून स्वयंपाक केला असेल तर स्पेनमध्ये ‘ओस’ म्हणावे. वाक्याचा बाकीचा भाग बदलत नाही.

यानंतर जे घडते ते मराठी घरातल्यासारखेच असते. यजमानीण स्तुती लगेच झटकून टाकते. ‘सि नो तिएने नादा’, म्हणजे ‘अरे, त्यात काहीच नाही’, किंवा ‘मे आ केदादो उन पोको सोसा’, म्हणजे ‘आज जरा अळणीच झाली आहे’. हे मत नसते, निमंत्रण असते. येथे मान डोलावली तर आपण टीकेला दुजोरा दिला असे होते. येथे ‘के बा!’ म्हणायचे असते. या दोन अक्षरांचा अर्थ ‘छे, काहीतरीच काय!’ असा आहे. त्यामागोमाग ‘एस्ता एन सु पुंतो’ म्हणावे, म्हणजे ‘अगदी जशी हवी तशी आहे’. मीठ, शिजणे, मऊपणा सगळे त्यात येते. तोर्तिया खरोखरच अळणी असली तरीही मिठाची बाटली लगेच जवळ ओढू नये, आणि खिशातील लाल तिखटाची पुडी तर काढूच नये. तिकडच्या घरगुती जेवणात तिखट जवळजवळ नसते आणि वरून ते भुरभुरणे म्हणजे केलेल्या चवीला नापास करणे.

तपशील सांगितला की स्तुती खरी वाटते. ‘ला पाताता से देसाथे’ म्हणजे ‘बटाटा तोंडात विरघळतो आहे’. ‘एस्ता मुय खुगोसा’ म्हणजे ‘आतून छान ओलसर आहे’. तोर्तिया करणारी प्रत्येक व्यक्ती नेमके हेच दोन गुण साधण्याचा प्रयत्न करत असते, त्यामुळे ही वाक्ये ऐकून तिचा चेहरा बदललेला दिसतो. रस्सेदार पदार्थ असेल तर ‘एस्ता साल्सा पीदे पान’ म्हणावे, म्हणजे ‘हा रस्सा पाव मागतो आहे’. येथे ‘एस्ता’वरचा जोर पहिल्या अक्षरावर आहे, कारण अर्थ ‘ही’ असा आहे. आणि ‘एस्ता पारा चुपार्से लोस देदोस’ हे वाक्य तर आपल्याला शिकावेही लागत नाही: ‘बोटे चाटत राहावी असे झाले आहे’.

अधिक पुढे जायचे असेल तर ‘एस ला मेखोर तोर्तिया के ए प्रोबादो’ म्हणजे ‘मी चाखलेली ही सर्वांत उत्तम तोर्तिया आहे’ असे म्हणता येते. येथे ‘एस’ आले आहे, कारण आपण आजची अवस्था न सांगता ती कोणती तोर्तिया आहे ते सांगतो. हे वाक्य एका घरात एकदाच वापरावे. गेल्या रविवारी आजीच्या घरी हेच म्हटले होते, याची आठवण करून द्यायला मित्र शेजारीच बसलेला असतो.

चौथी पायरी: पुन्हा घेणे आणि नको म्हणणे

सर्व वाक्यांपेक्षा मोठी दाद म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेणे. ‘ते पोंगो मास?’ म्हणजे ‘अजून वाढू?’ असे विचारले जाते तेव्हा ‘सी, उन पोकीतो मास’ म्हणजे ‘हो, थोडीशीच’ असे उत्तर द्यावे. म्हणून पहिल्यांदा घेताना कमीच घ्यावे, हा सल्ला व्यवहाराचा आहे: तोर्तियानंतर बहुधा आणखी एक मुख्य पदार्थ, मग फळ किंवा गोड, असे सगळे यायचे असते. खरोखर जागा उरली नसेल तर पुरुषाने ‘एस्ताबा तोदो रिकीसिमो, पेरो नो पुएदो मास’ असे म्हणावे, आणि स्त्रीनेही तसेच. या वाक्यात बोलणाऱ्याचे लिंग येत नाही. ‘एस्ताबा’ हे भूतकाळी रूप आहे आणि जेवण आटोपल्यावर तेच शोभते.

मांस न खाणाऱ्याने हा विषय टेबलावर काढू नये, निमंत्रण स्वीकारताना सांगावा. तेव्हाही ‘मांस खात नाही’ एवढे पुरत नाही, कारण अनेक घरांत हॅमचे तुकडे किंवा मसुरीतला चोरीथो, म्हणजे डुकराच्या मांसाचा सॉसेज, हा मांसाच्या हिशेबात धरला जात नाही. ‘नो कोमो कार्ने, नि खामोन, नि पेस्कादो’ असे मांस, हॅम आणि मासे तिन्ही वेगवेगळे घ्यावेत. पदार्थात काय आहे ते विचारण्याचे क्रियापद ‘येबा’ असे आहे: ‘येबा खामोन?’ म्हणजे ‘यात हॅम आहे का?’ हेच क्रियापद पुढे कृती विचारताना कामी येते.

पाचवी पायरी: कृती मागण्याची वेळ आणि शब्द

स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोन-अडीचच्या सुमारास सुरू होते आणि ताटे उचलल्यावर कोणी उठत नाही. कॉफी येते आणि गप्पा तासभर, कधी दोन तास चालतात. या बसण्याला ‘सोब्रेमेसा’ असे स्वतंत्र नाव आहे. कृती मागण्याची जागा ही. यजमानीण कढईवर थाळी पालथी धरून तोर्तिया उलटवत असताना तेलाचे प्रमाण विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही, आणि पहिल्याच घासाला कृती मागितली तर बाकीच्या जेवणात आपले लक्ष नाही असे दिसते.

नवख्या माणसाला वाटते की विनंती जितकी लांब तितकी सभ्य. म्हणून तो ‘ते इंपोर्तारीया दार्मे ला रेथेता?’ म्हणजे ‘मला कृती द्यायला तुझी काही हरकत नसेल ना?’ असे पाठ करून येतो. वाक्य निर्दोष आहे; उस्तेदने बोलायच्या आजीसमोर ‘ले इंपोर्तारीया’ असे ते शोभूनही दिसते. पण बरोबरीच्या नात्यात ते थोडे कार्यालयीन वाटते. घरात खरोखर बोलले जाते ते असे: ‘मे दास ला रेथेता?’, म्हणजे ‘मला कृती देतेस?’ प्रश्नाचा सूर असला की या सरळ वाक्यात उद्धटपणा राहत नाही. ‘तिएनेस के दार्मे ला रेथेता’, म्हणजे ‘तुला मला कृती द्यावीच लागेल’, हे तर आज्ञेसारखे दिसूनही स्तुतीच मानली जाते. ‘रेथेता’ या शब्दाचा दुसरा अर्थ डॉक्टरची चिठ्ठी असा आहे, पण टेबलावर कोणाचा गैरसमज होत नाही.

तरीही माझ्या मते सर्वांत चांगली मागणी ती, ज्यात कृती हा शब्दच येत नाही. ‘कोमो ला आथेस पारा के केदे तान खुगोसा?’ म्हणजे ‘इतकी ओलसर राहावी म्हणून तू ती कशी करतेस?’ हा प्रश्न कागद मागत नाही, हातचे कसब विचारतो, आणि त्यावर कोणतीही गृहिणी दहा मिनिटे बोलते. तोर्तियाला ‘ला’ म्हटले आहे. भाताविषयी विचारताना ‘कोमो लो आथेस?’ असे ‘लो’ म्हणावे.

या मागणीवर ‘ये एक दिवस, मिळून करू’ असे उत्तर आले तर ते निमंत्रण आहे की निरोपाचे गोड बोलणे, हे दिवसावरून ओळखावे. ‘उन दीआ दे एस्तोस’, म्हणजे ‘या दिवसांत कधीतरी’, एवढेच म्हटले असेल तर हसून आभार मानावेत आणि पाठपुरावा करू नये. गुरुवार किंवा पुढचा रविवार असे नाव घेतले असेल तर नक्की जावे, कारण उभे राहून पाहिलेली तोर्तिया लिहून घेतलेल्या तोर्तियापेक्षा अधिक लवकर जमते.

सहावी पायरी: ‘आ ओखो’चे मोजमाप करणे

आता ती सांगू लागते, आणि पहिल्याच प्रमाणावर गाडी अडते. ‘तेल किती?’ असे विचारले की उत्तर येते ‘आ ओखो’. शब्दशः ‘डोळ्याने’, म्हणजे आपल्या आजीचे ‘अंदाजाने’. बेकरीच्या पदार्थांत याचा सख्खा भाऊ भेटतो: ‘ला आरीना के आद्मीता’, म्हणजे मावेल तेवढे पीठ. ही टाळाटाळ नसते. तिच्याजवळ खरोखर आकडा नसतो. म्हणून ‘नेमके किती ग्रॅम’ असे न विचारता ‘मास ओ मेनोस’ म्हणजे ‘साधारण’ हे शब्द जोडून मोजता येणारी वस्तू विचारावी: ‘क्वांतास पातातास, मास ओ मेनोस?’ म्हणजे ‘साधारण किती बटाटे?’ आणि ‘क्वांतोस वेवोस?’ म्हणजे ‘किती अंडी?’ बटाटे स्त्रीलिंगी आणि अंडी पुल्लिंगी असल्यामुळे प्रश्नार्थक शब्दही बदलला आहे.

त्या रविवारी माझ्या वहीत आले ते असे होते. चार माणसांसाठी मध्यम आकाराचे चार बटाटे, म्हणजे घरी येऊन तोलल्यावर सुमारे 700 ग्रॅम, अंडी 6, कांदा एक, मीठ, आणि ऑलिव्ह तेल बटाटे जवळजवळ बुडतील इतके. बटाट्याच्या पातळ चकत्या करून कांद्यासह मंद आचेवर 20 ते 25 मिनिटे ठेवायच्या. या क्रियेला ‘पोचार’ म्हणतात. ते तळणे नव्हे. बटाटा तांबूस होऊ लागला तर आच जास्त आहे असे समजावे. चमच्याच्या कडेने दाबल्यावर तो तुटला की तेल निथळून काढायचे, बटाटा फेटलेल्या अंड्यात घालायचा आणि दहा मिनिटे तसाच ठेवायचा. ही दहा मिनिटे तिने मी विचारल्यावरच सांगितली, कारण तिच्या लेखी ती पायरीच नव्हती. त्या वेळात ती टेबल मांडते. पण बटाटा अंडे शोषून घेतो तो तेव्हाच, आणि ‘खुगोसा’चे उत्तर बरेचसे तेथे आहे. मग सुमारे 24 सेंटिमीटरच्या तव्यात ‘उन चोर्रीतो’ तेल, म्हणजे एक बारीक धार, त्यावर मिश्रण, तीनेक मिनिटे. नंतर सपाट थाळी वर धरून ‘दार ला ब्वेल्ता’, म्हणजे उलटवणे, आणि दुसरी बाजू आणखी दोन मिनिटे.

मधे विचारण्यासारखा एक प्रश्न आहे, ‘येबा थेबोया?’ म्हणजे ‘यात कांदा असतो का?’ तो विचारण्यापूर्वी हे माहीत असावे की तोर्तियात कांदा हवा की नको यावर स्पेनमध्ये दोन तट आहेत आणि दोन्ही तटांना गमतीची नावेही आहेत. पाहुण्याने चाखलेल्या बाजूला राहावे. अंडे किती घट्ट व्हावे यावरही असेच मतभेद आहेत; गालिथियातील बेतान्थोस या गावची तोर्तिया कांद्याविना आणि आतून जवळजवळ पातळ असते. पातळ अंडे सोसत नसेल तर ‘मे गुस्ता मास क्वाखादा’ म्हणजे ‘मला जरा घट्ट आवडते’ असे आधी सांगावे, पानात आल्यावर नव्हे.

सांगून झाले की वाचून दाखवावे. ‘आ बेर सि लो ए एन्तेन्दीदो’, म्हणजे ‘मला नीट कळले का पाहू’, असे म्हणून ‘प्रिमेरो’ म्हणजे आधी, ‘लुएगो’ म्हणजे मग आणि ‘आल फिनाल’ म्हणजे शेवटी, या तीन शब्दांवर सगळी कृती परत सांगावी. राहून गेलेल्या गोष्टी यजमानिणीला याच वेळी आठवतात. मिठाचे तसेच झाले: ते बटाट्यात आणि अंड्यात, दोन्हीकडे थोडे थोडे घालायचे असते, हे माझे वाचन ऐकताना तिने सांगितले.

स्पेनबाहेर

मेक्सिको, कोलंबिया किंवा अर्जेंटिनातील घरी जेवायला गेलात तर पाया हाच, काही वळणे निराळी. ‘रेथेता’चे ‘रेसेता’ होते आणि ‘पाताता’ची ‘पापा’. स्पेनमध्ये ‘ते आ सालीदो’ म्हणतात तेथे या देशांत ‘ते केदो रिकीसिमो’ किंवा ‘ते सालियो रिकीसिमो’ असा साधा भूतकाळ ऐकू येतो. ‘देलिस्योसो’ तेथे पुस्तकी वाटत नाही. मेक्सिकोत मित्राच्या आईला नावाने हाक न मारता ‘सेन्योरा’ म्हणावे आणि ‘ले केदो रिकीसिमो, सेन्योरा’ असे आदरार्थी बोलावे. येथे आपली मराठी सवय उपयोगी पडते. कोलंबियात ‘मे रेगाला ला रेसेता?’ असे विचारतात, शब्दशः ‘कृती भेट देता का?’ आणि अर्जेंटिनात निखाऱ्यावर मांस भाजणाऱ्यासाठी कोणीतरी ‘उन आप्लाउसो पारा एल आसादोर!’ असे ओरडतो, तेव्हा काही न समजताही सर्वांबरोबर टाळ्या वाजवाव्यात.

शेवटची पायरी: करून पाहिल्यावर

घेतलेली कृती आठ-दहा दिवसांत करून पाहावी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवावा. सोबतचे वाक्य: ‘ए एचो तु तोर्तिया. नो मे आ सालीदो कोमो ला तूया, पेरो कासी.’ म्हणजे ‘तुझी तोर्तिया केली. तुझ्यासारखी जमली नाही, पण जवळजवळ.’ त्यातील ‘कासी’, म्हणजे ‘जवळजवळ’, हा शब्द गाळू नये. तो नसला तर कृतीत खोट होती असे ध्वनित होते, आणि ‘तुझ्यापेक्षा छान झाली’ असे थट्टेतही लिहू नये. माझ्या पहिल्या तोर्तियाची एक बाजू उलटवताना थाळीवरून घसरून ओट्यावर गेली होती. मी तोही फोटो पाठवला. उत्तर लगेच आले: थाळी तव्यापेक्षा मोठी घ्यायची, हे सांगायचे तिच्याकडून राहून गेले होते.